पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांची पुढची तारीख : शीटमधलं एक सूत्र

सोसायटीच्या कामांची यादी एका शीटमध्ये ठेवायची होती. पंपाची तपासणी दर आठवड्याला, सफाई ठेकेदाराचे पैसे महिनाअखेरीस आणि अग्निशामक नळकांड्यांची तपासणी वर्षातून एकदा. प्रत्येक ओळीत पुढची तारीख आपोआप यावी, एवढीच अपेक्षा.

आठवड्याचं काम सोपं आहे, तारखेत 7 मिळवले की झालं. महिन्याचं तसं नाही. ठेकेदाराची पहिली तारीख 31 जानेवारी 2026. `DATE` वापरून महिन्यात फक्त 1 मिळवला, तर शीट 31 फेब्रुवारी शोधते, तो सापडत नाही म्हणून 3 मार्च दाखवते, आणि फेब्रुवारीचे पैसे यादीतून गायब होतात. `EDATE` शहाणं आहे, ते 28 फेब्रुवारीवर थांबतं. पण त्या 28 फेब्रुवारीलाच पुन्हा `EDATE` लावलं की 28 मार्च, मग 28 एप्रिल. एकदा घसरलेली तारीख 31 वर परत येत नाही. म्हणून आधीच्या तारखेवरून पुढची काढायची नाही. दर वेळी मूळ तारखेपासूनच मोजायचं. 31 जानेवारीपासून एक, दोन, तीन महिने मोजले की 28 फेब्रुवारी, 31 मार्च, 30 एप्रिल असं बरोबर येतं.

मग प्रश्न उरतो, किती महिने मोजायचे? बरेच जण इथे `TODAY()` घालतात. मला ते पटत नाही. काम राहून गेलं तरी दिवस उलटताच तारीख पुढच्या महिन्यावर उडी मारते आणि थकलेलं काम दिसतच नाही. ‘शेवटी कधी केलं’ या तारखेवरून मोजलं तर उलटी अडचण होते: 31 तारखेचे पैसे 29 लाच दिले, तर त्यानंतरची पहिली तारीख म्हणून पुन्हा तीच 31 येते. त्यामुळे मी तारीख सोडून काम किती वेळा झालं ते मोजतो.

रकाने असे: A कोड, B काम, C पहिली तारीख, D प्रकार, E अंतर, F किती वेळा झालं, G पुढची तारीख. ‘नोंद’ नावाची दुसरी शीट आहे. काम झालं की तिथे एक ओळ लिहायची, पहिल्या रकान्यात कोड. F मध्ये त्या ओळी मोजल्या जातात:

```
=COUNTIF('नोंद'!A:A,A2)
```

आणि G मध्ये:

```
=SWITCH(D2,"आठवडा",C2+7*E2*F2,
"महिना",EDATE(C2,E2*F2),
"वर्ष",EDATE(C2,12*E2*F2))
```

तिमाही काम असेल तर प्रकार ‘महिना’, अंतर 3. वर्षासाठी 365 मिळवू नका. 15 जून 2023 मध्ये 365 मिळवले की 14 जून 2024 येतो, कारण मध्ये 29 फेब्रुवारी आहे. D मध्ये ड्रॉपडाउन ठेवा. ‘महिना’च्या मागे एक मोकळी जागा राहिली तरी `#N/A` येतं, पण चुकीच्या तारखेपेक्षा ते बरं. `SWITCH` गूगल शीट्समध्ये आहे, एक्सेलमध्ये 2019 पासून. त्याआधीच्या एक्सेलमध्ये हेच `IF` मध्ये `IF` घालून लिहावं लागतं. G मध्ये 46081 असा आकडा दिसला तर सूत्र बरोबरच आहे. तो 28 फेब्रुवारी 2026 आहे, फक्त सेलला तारखेचं स्वरूप द्यायचं राहिलंय.

थकलेली कामं लाल करायला कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये `=AND($G2<>"",$G2<TODAY())`. `TODAY()` ची जागा इथे.

ही पद्धत नोंदींवर चालते. एखादी खेप मुद्दाम वगळली तरी ‘वगळलं’ म्हणून ओळ लिहावी लागते, आणि एकच नोंद दोनदा पडली तर तारीख एक फेरी पुढे जाते. अंतर मध्येच 1 चं 2 केलं तर मागच्या सगळ्या फेऱ्याही दुप्पट मोजल्या जातात. अशा वेळी जुनी ओळ बंद करून नवा कोड आणि नवी पहिली तारीख द्यायची. पहिली तारीख 30 एप्रिल असेल तर पुढची 30 मे येईल, 31 नाही. महिनाअखेरच हवी असेल तर मूळ तारीख 31 मार्च धरा आणि मार्चची खेप ‘वगळलं’ म्हणून नोंदवा.

फाइलचं लोकेल अमेरिकेचं असेल तर 25/04/2026 मजकूर म्हणून राहते आणि `#VALUE!` येतं, ते लगेच कळतं. 05/04/2026 मात्र गुपचूप 4 मे होते. लोकेल भारत करा आणि आधी भरलेल्या तारखा पुन्हा तपासा.

रविवारची सोय वेगळ्या रकान्यात. 31 मे 2026 रविवार आहे. पैसे आधी द्यायचे तर:

```
=WORKDAY.INTL(G2+1,-1,11)
```

30 मे, शनिवार येतो. 11 म्हणजे फक्त रविवार सुट्टी. बँकांचे दुसरे-चौथे शनिवार त्यात धरलेले नाहीत, त्यांच्या तारखा सुट्ट्यांच्या यादीत टाकून ती यादी चौथा घटक म्हणून द्यावी लागते. 30 मे पाचवा शनिवार, त्यामुळे या वेळी अडचण नाही.