तुम्ही विचारलंत म्हणून: ०.६ ची रेघ

"साहेब, माती तपासणीच्या रिपोर्टात जस्त ०.५९ आलं तर 'कमी' आणि ०.६१ आलं तर 'पुरेसं'. ही रेघ मारली कुणी?"

कागलात विचारतात, शिरोळात विचारतात, परवा तर एका लग्नात जेवणाच्या पंगतीत विचारलं. आधी एक सांगतो. ०.५९ आणि ०.६१ यांत काहीही फरक नाही. तीच माती प्रयोगशाळेत दुसऱ्यांदा लावली तरी आकडा तेवढा हलतो. पण रेघ हवेतून आलेली नाही. तशीच एक रेघ मीही मारून बघितली आहे, आणि तिथेच माझी चूक झाली.

सोयाबीनची सोळा रानं निवडली. प्रत्येकात दोन प्लॉट, बाकी खतं सारखी, फक्त एकात झिंक सल्फेट आणि दुसऱ्यात नाही. माती पेरणीआधीच काढून ठेवलेली. काढणीनंतर बिनजस्ताचं उत्पन्न जस्ताच्या उत्पन्नाच्या किती टक्के ते काढायचं. एकरी साडेसात क्विंटल आणि दहा क्विंटल आले तर ७५ टक्के, म्हणजे रानाने जस्ताला प्रतिसाद दिला. ९५ आले तर दिला नाही. मग आलेखावर आडवं मातीतलं जस्त, उभे हे टक्के आणि प्रत्येक रानाचा एक ठिपका.

अमेरिकेतल्या केट आणि नेल्सन यांनी १९६५ साली यावर साधी युक्ती सांगितली. पारदर्शक कागदावर अधिकचं चिन्ह काढायचं आणि आलेखावर असं सरकवायचं, की जास्तीत जास्त ठिपके डावीकडे खाली (जस्त कमी, प्रतिसाद आहे) आणि उजवीकडे वर (जस्त भरपूर, प्रतिसाद नाही) पडतील. उभी रेघ जिथे थांबेल तो क्रांतिक आकडा. १९७१ साली त्यांनी हेच गणितात बसवलं: रानं जस्ताच्या चढत्या क्रमाने लावा, दोन गटांत तोडा, आणि ज्या जागी तोडल्यावर दोन्ही गटांच्या आतली तफावत मिळून सर्वांत कमी उरते ती जागा धरा.

माझा कागद छान बसला. ०.५८ पर्यंतची सहाही रानं ८५ टक्क्यांच्या खाली, आणि ०.६४ पासून पुढची सगळी ९० च्या वर. मध्य ०.६१. पुस्तकातला आकडा ०.६! मी त्या रात्री खूश होऊन झोपलो, खोटं कशाला सांगू.

एकच ठिपका नडत होता. जस्त १.४५, टक्के ७३. उजवीकडे खाली, एकटाच. मी तो काढून टाकला. 'अपवाद' असं वहीत लिहिलं आणि कारण शोधलं नाही.

कारण दिवाळीनंतर सापडलं. त्या गावात माती काढायला गेलो तेव्हा वळीव पडून गेलेला, माती ओली. घमेलं विसरलो म्हणून मीच एका घरातून बादली मागून आणली आणि तीत ढेकळं खुरप्याने फोडली. दिवाळीनंतर त्याच घरी चहाला गेलो तर बादली दारात होती. पत्र्याची, जस्ताचा मुलामा दिलेली, आत खुरप्याचे ओरखडे. जस्त तपासायची माती अशा भांड्यात घ्यायची नाही, हे मी पोरांना शिकवतो.

म्हणजे ठिपका काढला ते बरोबरच होतं, असं कुणी म्हणेल. मीही आठवडाभर तेच म्हणत होतो. पण त्या बादलीत चार रानांची माती घेतली होती. उरलेली तीन म्हणजे ०.६४, ०.६९ आणि ०.७३. ती मला हवी तिथे पडली होती, म्हणून त्यांच्याकडे मी संशयाने पाहिलंच नाही. जो ठिपका आकडा बिघडवत होता त्याचीच काय ती झडती घेतली.

चौघांना बाहेर काढलं तर बारा रानं उरतात. डावीकडचं शेवटचं ०.५८, उजवीकडचं पहिलं ०.८६. मध्य काढला तर ०.७२ येतो, पण खरं म्हणजे या मोकळ्या जागेत रेघ कुठेही मारा, ठिपक्यांची विभागणी तीच राहते. माझी रानं ०.६ आणि ०.८ यांत निवडा करूच शकत नाहीत. ०.६१ हा आकडा बादलीने दिला होता.

'मग तुमच्या प्रयोगाला अर्थ काय?' असं विचारू नका, राग येतो. ०.४ च्या रानात जस्त टाका आणि १.२ च्या रानात टाकू नका, हे त्या बारा रानांनी स्वच्छ सांगितलं. मधल्या पट्ट्यात मी 'टाका' म्हणतो. चुकलो तर एका पोत्याचे पैसे जातात. उलट चुकलो तर त्या १.४५ वाल्या मामांसारखं अडीच क्विंटल सोयाबीन जातं.

ती चार रानं पुन्हा तपासता आली असती. बिनजस्ताचे प्लॉट तसेच होते. पण बादली दिसेपर्यंत तिथे पूर्वहंगामी ऊस उभा राहिला होता, आणि लावणीआधी सगळ्या रानात झिंक सल्फेट पडलं होतं. माझ्याच सल्ल्याने.