आजीच्या वहीतली कविता उतरवताना

«आजीच्या वहीतल्या कवितेचा फोटो आहे. टाइप करताना शुद्धलेखन सुधारू का? आणि ओळी वहीत तुटल्यात तशाच तोडू का?»

पहिली प्रत टाइप करताना काहीही सुधारू नका. वाचायला सोपी हवी असेल तर दुसरी प्रत या पहिलीवरून करा, फोटोवरून नको. फोटो बघताबघता सुधारलं की मूळ काय होतं आणि आपण काय घातलं, हे आठवड्याभराने आपल्यालाच सांगता येत नाही. फोनच्या कीबोर्डवर सुचवण्या आधी बंद करा. तुम्ही ‘कांहीं’ लिहिता आणि तो गुपचूप ‘काही’ करून ठेवतो.

दुसऱ्या प्रतीत काय बदलायचं, हे एका ओळीवर दाखवते. समजा वहीत असं आहे:

मनीं गूढ कांहीं पुन्हां दाटुनी
ये

‘मनीं’, ‘कांहीं’, ‘पुन्हां’ यांवरचे अनुस्वार चुकीचे नाहीत. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधी शाळा शिकलेला माणूस ते घालायचाच, आणि पुष्कळांनी ती सवय पुढेही सोडली नाही. म्हणून एवढ्यावरून कवितेचं साल ठरवू नका, लिहिणारीचं शिक्षण कधीचं एवढाच अंदाज बांधता येतो. केशवसुतांपूर्वीची कविता मूळाप्रमाणे आणि केशवसुतांपासूनची नव्या नियमांनी छापावी, असंही महामंडळाचे नियम सांगतात. पुस्तकासाठी ते ठीक आहे. पण घरची वही जगात एकच असते, म्हणून मी अनुस्वार दोन्ही प्रतींत ठेवते. शिवाय कधीकधी त्यांत अर्थ असतो. ‘ती गेली’ म्हणजे एकटी कुणी, ‘तीं गेलीं’ म्हणजे फुलं, मुलं, पाखरं. हे टिंब गाळलं तर कवितेतून कोण गेलं, तेच बदलतं.

फोटोत टिंब आणि डाग यांत गल्लत होते. मोठं करून बघा. अनुस्वाराची शाई आजूबाजूच्या अक्षरांइतकीच गडद असते आणि तो शिरोरेघेच्या वर आपल्या जागी बसतो. मागच्या पानाची शाई उमटलेली असेल तर ती फिकट दिसते आणि अक्षराखालीही सापडते. तरी शंका राहिली, तर तोच शब्द कवितेत आणखी कुठे आलाय ते पाहा.

आता ‘दाटुनी’. ‘दाटून’मध्ये टू दीर्घ, म्हणून इथेही ‘दाटूनी’ करावंसं वाटेल. ओळ आधी मोठ्याने म्हणा: मनीं गू, ढ कांहीं, पुन्हां दा, टुनी ये. लघु, गुरू, गुरू असं चार वेळा. हे भुजंगप्रयात आहे, चरणाला 12 अक्षरं. टू दीर्घ केला की चाल तिथेच अडखळते. वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची मोकळीक नियमांनीही कवीला दिलेली आहे, तेव्हा हा टु कुठल्याच प्रतीत बदलायचा नाही. याउलट, एरवी सगळीकडे ‘आणि’ लिहिणाऱ्या हाताने एकदाच ‘आणी’ लिहिलं असेल आणि तिथे वृत्त दीर्घ मागत नसेल, तर ती हातचूक. वाचायच्या प्रतीत मी ती सुधारते आणि खाली तसं लिहून ठेवते.

याच मोजणीने ओळीचंही कोडं सुटतं. ‘दाटुनी’पर्यंत 11 अक्षरं होतात, बारावं ‘ये’. म्हणजे तो खाली गेला तो पान संपलं म्हणून. त्याला वेगळ्या ओळीत ठेवलं तर वाचणाऱ्याला तिथे कवयित्री मुद्दाम थांबली असं वाटेल, आणि ती तर थांबलेलीच नाही. पहिल्या प्रतीत तो वहीतल्यासारखा खालीच राहू द्या. वाचायच्या प्रतीत वर घ्या.

मुक्तछंदात मोजायला काही नसतं. तिथे पानाची उजवी कड बघायची. पुढच्या ओळीचा पहिला शब्द वरच्या ओळीत उरलेल्या जागेत मावला असता, तरीही खाली गेला असेल, तर ती ओळ कवयित्रीने तोडली आहे आणि तिला हात लावायचा नाही. मावला नसता, तर सांगता येत नाही. मग ओळ वहीप्रमाणेच ठेवते आणि टिपेत ‘इथे पान संपते’ एवढं लिहिते. अर्थात यासाठी फोटोत कड दिसायला हवी. बहुतेक जण मजकुराभोवती फोटो कापून पाठवतात. अशा वेळी मी टाइप करायला बसत नाही, चारही कोपरे दिसतील असा पूर्ण पानाचा फोटो आधी मागवून घेते.