एकशे पंच्याहत्तर शब्द आणि एक बंद पडलेला नळ

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या जनरल ट्रेनिंग प्रकारासाठी लेखन शिकवताना एकाच प्रश्नावरची पत्रं एका बैठकीत तपासायची माझी पद्धत आहे. त्या दिवशीचा प्रश्न नेहमीचाच होता. तुम्ही भाड्याच्या घरात राहता, घरातलं पाणी बंद पडलंय, घरमालकांना पत्र लिहा. मुद्दे तीन: अडचण काय आहे ते सांगा, तिचा तुमच्यावर काय परिणाम होतोय ते लिहा, आणि घरमालकांनी काय करावं ते कळवा. किमान दीडशे शब्द, सुचवलेला वेळ वीस मिनिटं.

गठ्ठ्यातलं एक पत्र दोनशे चौदा शब्दांचं होतं. व्याकरण बहुतांशी नीटस, शब्द भारी, अक्षर सुरेख. त्याला मी पहिल्या निकषावर, म्हणजे दिलेलं काम कितपत पूर्ण झालं यावर, पाच दिले. लगेच खालच्या पत्रात वाक्यं साधी होती, दोन ठिकाणी आर्टिकल चुकलं होतं, पण त्याच निकषावर सात पडले. वर्ग संपल्यावर पहिल्या पत्राची लेखिका थांबली. "मॅडम, माझ्या इंग्रजीत चूक कुठे आहे?"

मुख्य चूक इंग्रजीत नव्हती, म्हणून आम्ही दोघी ते पत्र ओळीओळीने वाचायला बसलो.

वर उजवीकडे पत्ता, त्याखाली तारीख, मग विषयाची ओळ. प्रश्नपत्रिकेत स्पष्ट सांगितलेलं असतं की पत्ता लिहायची गरज नाही; 'डिअर'पासून सुरुवात करायची. पत्ता लिहिल्याने गुण कापत नाहीत, पण मिळतही नाहीत, आणि वीस मिनिटांतलं एक मिनिट हातचं जातं. त्यानंतर 'रिस्पेक्टेड सर', मग 'हे पत्र मिळेल तेव्हा आपण उत्तम आरोग्यात असाल अशी आशा' या अर्थाचं पाठ केलेलं वाक्य. पुढचा अख्खा परिच्छेद पाणी माणसाच्या जगण्यासाठी किती गरजेचं आहे यावर. मी शब्द मोजले: अठ्ठ्याऐंशी. प्रत्यक्ष अडचण दोन वाक्यांत उरकलेली: पाणी येत नाही, आम्हाला फार त्रास होतो. शेवटी आधी 'काइंडली डू द नीडफुल' आणि त्याच्याच पुढच्या ओळीत 'आय वाँट यू टू फिक्स इट इमिजिएटली'.

गुण गेले ते दोन जागी. एक, तीन मुद्द्यांना स्पर्श होता, पण एकही मुद्दा उलगडला नव्हता. दुसरं, सूर हेलकावे खात होता. आधी सरकारी अर्जासारखी लीनता, मग एकदम हुकूम. परीक्षकांच्या याच पहिल्या निकषात पत्राचा सूर सुसंगत आणि योग्य आहे का, हेही पाहिलं जातं. घरमालकांना लिहायचं पत्र अर्धऔपचारिक असतं. अर्धऔपचारिक पत्र म्हणजे थोडे औपचारिक आणि थोडे घरगुती शब्द एकत्र कालवायचे, असा बऱ्याच जणांचा समज असतो. मला तो धोक्याचा वाटतो. अर्धऔपचारिक हे नात्याचं नाव आहे. घरमालक तुम्हाला नावाने ओळखतात, त्यांनी घर पाहिलेलं आहे, तुम्ही दर महिन्याला भाडं देता. पण ते तुमचे मित्र नाहीत. म्हणून 'डिअर मिस्टर' आणि पुढे आडनाव, शेवटी 'योर्स सिन्सिअरली' किंवा 'काइंड रिगार्ड्स'. 'डिअर सर ऑर मॅडम' आणि त्याच्या जोडीचं 'योर्स फेथफुली' अनोळखी कार्यालयासाठी असतं. ते इथे लिहिलं की आपल्याच घरमालकांचं नाव आपल्याला ठाऊक नाही असा अर्थ होतो.

मग मी तिला पेन खाली ठेवायला सांगितलं आणि विचारलं, "कुठल्या नळाला पाणी नाही?"

ती म्हणाली, "सगळ्याच. म्हणजे, प्रश्नात दिलेलं नाहीये ना."

तेच तर तिने ठरवायचं होतं. पाणी बंद असण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीचं कारण वेगळं. इमारतीत कुणालाच पाणी नसेल तर बिघाड बाहेरच्या पुरवठ्यात किंवा सामाईक टाकीत. शेजाऱ्यांकडे पाणी आहे आणि आपल्याकडे एकही नळ चालत नाही, तर घरात येणारी मुख्य लाईन किंवा तिचा व्हॉल्व्ह. एकाच खोलीत पाणी नाही, तर त्या खोलीकडे जाणारा पाइप. फक्त गरम पाणी गेलंय, तर बहुधा हीटर किंवा त्याची जोडणी. एकाच नळाची धार बारीक झाली असेल तर बऱ्याचदा तोंडाच्या जाळीत कचरा अडकलेला असतो, आणि त्यासाठी कुणी घरमालकांना पत्र लिहीत नाही. लेखनाच्या परीक्षेत प्लंबिंगचं ज्ञान कुणी तपासत नाही, हे खरं. पण बिघाड नेमका कुठे आहे हे मनात ठरलं की वाक्यं आपोआप सुचतात, आणि न ठरलं की पाण्याच्या महत्त्वावर अठ्ठ्याऐंशी शब्द खर्च होतात.

दहा मिनिटांत तिने सगळं ठरवलं. सोमवार सकाळपासून न्हाणीघरात पाण्याचा थेंब नाही. स्वयंपाकघरात अगदी बारीक धार. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारलं, त्यांच्याकडे नेहमीसारखं पाणी आहे. सिंकखालचा मुख्य व्हॉल्व्ह तपासला, तो पूर्ण उघडा आहे. आणि न्हाणीघराच्या भिंतीवर खालच्या बाजूला ओल आली आहे, रोज थोडी पसरते आहे.

यातला एकही तपशील सजावटीचा नाही. शेजाऱ्यांकडे पाणी आहे म्हटल्यावर अडचण याच घरातली आहे हे घरमालकांना कळतं. व्हॉल्व्ह पाहिला म्हटल्यावर साधा उपाय करून झालाय हे कळतं. आणि ओल म्हटल्यावर घाई का, ते तुम्ही 'अर्जंट' हा शब्द न लिहिताही समजतं, कारण पाइप भिंतीत गळत असेल तर नुकसान त्यांच्याच घराचं आहे. मी तिला एवढंच बजावलं की कारण ठामपणे सांगू नका. भाडेकरूला भिंतीच्या आतलं दिसत नाही. 'द पाइप इज ब्रोकन' याऐवजी 'आय सस्पेक्ट देअर मे बी अ लीक बिहाइंड द वॉल' जास्त खरं वाटतं, आणि 'सस्पेक्ट', 'मे बी' अशी जपून बोलायची भाषा वापरता येते हेही दिसतं.

दुसऱ्या मुद्द्यात बहुतेक जण भावना लिहितात: फार गैरसोय, फार मनस्ताप. परिणाम म्हणजे दिवसभरात काय बदललं, ते. तिने लिहिलं की स्वयंपाकघरातून बादल्या भरून न्याव्या लागतात, एक बादली भरायला वीस मिनिटं लागतात, आणि सकाळची पाळी असल्याने ती दोनदा कामावर उशिरा पोहोचली. दोन वाक्यं, पण मुद्दा उलगडला.

तिसरा मुद्दा पत्राचा कणा असतो आणि सगळ्यात जास्त उपेक्षाही त्याचीच होते, कारण तोवर वेळ संपत आलेली असते. 'प्लीज सॉल्व्ह माय प्रॉब्लेम' ही विनंती अपुरी आहे. वाचणाऱ्याने उठून काय करायचं हे त्यातून कळत नाही. विनंतीत काम, मुदत आणि सोय या तिन्ही गोष्टी हव्यात. काम: 'कुड यू प्लीज अरेंज फॉर अ प्लंबर टू इन्स्पेक्ट द बाथरूम पाइप्स'. मुदत: या आठवड्याअखेरपर्यंत. सोय: मी रोज संध्याकाळी पाचनंतर घरी असते, त्याआधी यायचं असेल तर तुमच्याकडच्या जादा किल्लीने प्लंबर आत आले तरी चालेल. हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं. पत्र अर्धऔपचारिक आहे हे त्या एका किल्लीवरून कळतं. अनोळखी कार्यालयाला असं कुणी लिहिणार नाही. भाडं कापण्याची धमकी मात्र नको. ती आली की सूर बिघडतो, आणि प्रश्नात ती मागितलेलीही नाही.

दुसऱ्या मसुद्याला तिने वेळ लावून सुरुवात केली. पहिली चार मिनिटं टिपणात, पुढची बारा लिहिण्यात, उरलेली तपासण्यात. सुरुवातीचं वाक्य थेट होतं: मी तुमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातली भाडेकरू, आणि पाण्याच्या पुरवठ्यात झालेल्या बिघाडाबद्दल लिहिते आहे. पत्राचा हेतू पहिल्याच ओळीत कळला की पुढचं वाचणं सोपं जातं. मग प्रत्येक मुद्द्याला एक परिच्छेद. एकूण एकशे पंच्याहत्तर शब्द: सुरुवात बावीस, बिघाड एकोणसाठ, परिणाम छत्तीस, विनंती आणि समारोप मिळून अठ्ठावन्न. दीडशेच्या खाली जाऊ नये हे सगळ्यांना माहीत असतं. पण दोनशेच्या फार पुढे गेलात तर तो वेळ दुसऱ्या प्रश्नातून जातो, आणि दुसऱ्या प्रश्नाचं वजन पहिल्याच्या दुप्पट असतं.

तपासताना मला एकच गोष्ट खटकली, आणि ती मराठी बोलणाऱ्यांच्या पत्रांत हमखास सापडते. पहिल्या मसुद्यात 'फ्रॉम मंडे वॉटर इज नॉट कमिंग' होतं. 'सोमवारपासून पाणी येत नाहीये' हे आपलं वाक्य जसंच्या तसं उतरलेलं. ते तिने स्वतःच सुधारून 'वी हॅव हॅड नो वॉटर इन द बाथरूम सिन्स मंडे मॉर्निंग' असं केलं होतं. सोमवारी सुरू झालेली गोष्ट अजून चालू आहे, म्हणून 'हॅव हॅड'. दोनदा 'हॅव' बघून अनेक जण बिचकतात, पण ते बरोबर आहे. परिणामांच्या परिच्छेदात मात्र 'सिन्स थ्री डेज' राहून गेलं होतं. मराठीत सोमवारपासून आणि तीन दिवसांपासून, दोन्हीकडे एकच 'पासून' चालतो. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणासाठी 'सिन्स' आणि कालावधीसाठी 'फॉर'.

तिने 'सिन्स' खोडून वर 'फॉर' लिहिलं. घड्याळात एकोणीस मिनिटं झाली होती.