माल दुप्पट, वेळ चौपट

आमच्याकडे रात्री जुळवणीचा एक जॉब चालतो. दिवसभरात आलेले नोंदणी क्रमांक मुख्य यादीत आहेत की नाहीत ते तो बघतो. यादी ४ लाखांची आणि रोजची आवक १ लाखाची असेपर्यंत तो मुकाट्याने संपायचा. पुढे यादी ८ लाखांवर गेली, आवकही २ लाख झाली, आणि सकाळी लोक कामावर आले तरी जॉब चालूच. वरून लगेच फर्मान आलं, मोठं मशीन घ्या. आमच्याकडे कुठल्याही दुखण्यावर हेच औषध.

मी जुने लॉग काढले. यादी दुप्पट, आवक दुप्पट, पण वेळ चौपट. नेटवर्क किंवा डिस्क रडत असती तर आकडे असे शिस्तीत वाढले नसते. कोड उघडला तर आत साधा फॉर लूप: प्रत्येक क्रमांकासाठी यादी पहिल्यापासून तपासायची, सापडला की थांबायचं. हा लिनिअर सर्च. क्रमांक यादीत असेल तर सरासरी अर्ध्या वाटेत सापडतो. आमची गोम अशी की आलेले बहुतेक क्रमांक नवे असायचे, आणि ‘नाही’ म्हणायला यादी शेवटपर्यंत पालथी घालावीच लागते. म्हणजे २ लाख गुणिले ८ लाख, जवळजवळ १६,००० कोटी तुलना. दुप्पट वेगाचं मशीन आणलं असतं तर त्या ८,००० कोटींइतक्या वेळात झाल्या असत्या, आणि माल पुन्हा दुप्पट झाला की वेळ त्याच्या चौपट.

बिग-ओ म्हणतात ते हेच मोजणं. ते सेकंद सांगत नाही; यादी वाढली की काम कोणत्या चालीने वाढेल ते सांगतं. लिनिअर सर्च O(n): यादी दुप्पट, तर एका शोधाचं कामही दुप्पट. बायनरी सर्च O(log n): क्रमाने लावलेल्या यादीचा मधला घटक बघायचा, आपला क्रमांक त्याहून लहान की मोठा ते ठरवायचं आणि उरलेली अर्धी यादी सोडून द्यायची. ८ लाखांची यादी साधारण २० वेळा निम्मी केली की संपते. १६ लाखांची २१ वेळा. यादी दुप्पट झाली आणि काम वाढलं फक्त एका पायरीने! आमचे १६,००० कोटी ४० लाखांवर येणार होते.

यादी न चाळता आहे-नाही सांगणारा पायथनचा सेट का नाही, असं कोणीतरी विचारेलच. नुसतं आहे-नाही बघायचं असतं तर सेटच वापरला असता. पण पुढच्या टप्प्याला न सापडलेल्या क्रमांकाच्या अलीकडचा, सगळ्यात जवळचा क्रमांक लागतो, आणि सेटला क्रम कळत नाही.

सहकाऱ्याने पायथनमधलं तयार बायनरी सर्च, `bisect_left`, वापरून बदल केला:

```python
i = bisect_left(master, key)
found = i < len(master) and master[i] == key
```

जॉब काही सेकंदांत आटोपला. सगळे खूश. मला मात्र न सापडलेल्यांची संख्या खटकली, कारण यादीत डोळ्यांना दिसणारे क्रमांकही त्यात होते. एरर नाही, इशारा नाही.

यादी डेटाबेसमधून संख्येच्या क्रमाने येत होती, पण कोडमध्ये क्रमांक स्ट्रिंग होते. संख्या म्हणून ९ नंतर १०. स्ट्रिंगची तुलना पहिल्या अक्षरापासून होते, म्हणून `'10'` हा `'9'` च्या आधी. समजा यादी `['8', '9', '10', '11']` आहे आणि `'10'` शोधायचा आहे. जागा ० पासून मोजतात; `bisect_left` आधी जागा २ बघतो. तिथे `'10'` च आहे. पण त्याला सगळ्यात डावी जागा हवी असते, म्हणून तो डावीकडे सरकतो. तिथे `'9'`, तो `'10'` पेक्षा मोठा, म्हणून आणखी डावीकडे. `'8'` चंही तेच. शेवटी हाती येते जागा ०, तिथे `'8'`, आणि निकाल: सापडला नाही. ज्या घटकावर पहिल्याच फेरीत बोट पडलं होतं, तोच!

टेस्टमध्ये हे निसटलं, कारण तिथले सगळे क्रमांक तीन अंकी होते. अंकांची संख्या सारखी असली की दोन्ही क्रम एकच निघतात. टेस्टचा डेटा असा गुळगुळीत बनवण्याची आमची खोड जुनी आहे.

दोन्हीकडचे क्रमांक `int` केले आणि प्रश्न मिटला. शिवाय यादी लोड होताना ती खरंच चढत्या क्रमाने आहे का, हे बघणारा चेक मी घातला. तो O(n) आहे, म्हणजे ८ लाख तुलना, पण रात्रीतून एकदाच. हाच चेक प्रत्येक शोधाआधी चालवला असता तर बायनरी सर्चचा सगळा फायदा त्यानेच खाल्ला असता. जुना लूप रडतखडत चालायचा, पण क्रम कसाही असो, त्याचं उत्तर चुकत नव्हतं. रिव्ह्यूत अजूनही कोणी ना कोणी विचारतं, जॉब एवढा वेगवान केलात तर हा चेक कशाला? मी तो काढू देत नाही.