गॅझेटियरचं ‘शेती’ प्रकरण वेगळं काढताना

बाबांना आमच्या जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमधलं फक्त शेतीचं प्रकरण वाचायचं होतं. सहाशेवर पानांचं स्कॅन त्यांच्या फोनवर उघडायलाच मिनिटभर लागायचं, आणि बोट सरकलं की भलतंच पान समोर यायचं. म्हणून प्रकरणागणिक फाइली करायला बसलो.

फाइलला बुकमार्क होते, त्यामुळे काम सोपं वाटलं. PDFsam Basic मध्ये बुकमार्कवरून फाइल तोडता येते. तिथे पातळी विचारतात. मी १ दिली, कारण २ दिली असती तर प्रत्येक पोटमथळ्याची वेगळी फाइल झाली असती. पहिली चार प्रकरणं योग्य पानावर सुरू झाली. पाचवं, म्हणजे शेतीचं, उघडलं तर सुरुवातीची चार पानं लोकसंख्येच्या प्रकरणाची! सहावं, सातवंही तसंच, चार पानं आधीपासून.

मग बुकमार्कांचे पान क्रमांक काढून पाहिले:

```
pdftk gazetteer.pdf dump_data_utf8 | grep Bookmark
```

शेतीपुढे १५३ होतं. छापील पान १ हे पीडीएफचं १९वं पान, म्हणजे फरक १८चा. छापील १३५ मध्ये १८ मिळवले की १५३. बुकमार्क करणाऱ्याने अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक आकड्यात सरसकट १८ मिळवले असावेत. पण छापील ११२ नंतर दोन नकाशे आहेत. त्यांच्यावर पान क्रमांक नाही आणि पाठ कोरी. स्कॅनमध्ये त्यांची चार पानं झाली, म्हणून तिथून पुढे फरक २२ होतो. ११२ आणि ११३ ही पानं उघडून पाहिली आणि उलगडा झाला. जुन्या पुस्तकात नकाशे, चित्रं जिथे येतात तिथे हा फरक पुन्हा मोजावाच लागतो.

आता बुकमार्क बाजूला ठेवून पानांचे आकडे दिले. शेतीचं प्रकरण छापील १३५ ते १७८, म्हणजे पीडीएफची १५७ ते २००:

```
qpdf --empty --pages gazetteer.pdf 157-200 -- 05-sheti.pdf
```

`--empty` मुद्दाम घातलं. त्याऐवजी मूळ फाइलच आधार म्हणून दिली, तर सगळे जुने बुकमार्क तुकड्यातही येतात आणि बहुतेक कुठेच नेत नाहीत. बाबा त्यावर दाबत बसले असते.

एक गोष्ट आणखी. १७८व्या पानावर वरच्या अर्ध्यात शेती संपते आणि खाली पुढचं प्रकरण सुरू होतं. बुकमार्कवरून तोडलं की असं पान फक्त पुढच्या फाइलीत जातं आणि आधीच्या प्रकरणाचा शेवट तुटतो. म्हणून पुढची फाइलही २०० पासूनच घेतली; ते पान दोन्हीकडे आहे.

तयार फाइलीत ४४ पानं भरली, १३५ ते १७८ मोजली तरी ४४च. पहिलं आणि शेवटचं पान डोळ्यांनी पाहिलं आणि फाइल बाबांना पाठवली. संध्याकाळी त्यांचा फोन आला, ज्वारीच्या पेरणीचा मजकूर वाचून दाखवायला.