एकाच पुट्टीचे दोन आजार

गंगापूर रोडवरील एका फ्लॅटमधून फोन आला, तेव्हा उन्हाळ्यात केलेल्या रंगकामाचे पावसाळ्यानंतर पोपडे निघू लागले होते. घरमालक काकांनी पुट्टी भेसळीची असल्याचे आधीच ठरवून टाकले होते. परंतु हॉलमध्ये आतल्या भिंतीवर पापुद्रे सुटत होते, तर पश्चिमेकडील बाहेरच्या भिंतीवर रंग खरवडताच हाताला पांढरी भुकटी लागत होती. एकाच मालाने दोन भिंतींवर दोन निराळे दोष दाखवले, म्हणजे कारण गोणीच्या बाहेर होते.

मी आधी पापुद्रा उलटा करून पाहतो. आतल्या भिंतीवरून निघालेला तळहाताएवढा तुकडा स्वतः कडक होता, मात्र त्याच्या पाठीला मऊ पांढरा थर चिकटून आला होता. उघड्या जागी खिळ्याने ओरखडा काढला, तर वाळूचा एक कणही निघाला नाही. ती भिंत जिप्समची होती. बाहेरच्या भिंतीवर तोच खिळा करड्या, वाळूच्या गिलाव्यापर्यंत गेला.

पेंटरने सांगितले, "साहेब, गोणीवर लिहिल्याप्रमाणे भिंत भिजवूनच पुट्टी लावली." तो खरे बोलत होता, आणि हीच गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीसाठी सिमेंटचा गिलावा ओला करणे बरोबरच आहे, कारण कोरडा गिलावा पुट्टीतले पाणी शोषून घेतो आणि सिमेंट नीट न जमता थर भुकटीचा राहतो. जिप्सम मात्र पाण्याने वरून मऊ पडते, आणि ओल राहिली तर त्यातील सल्फेट व सिमेंट यांच्या प्रक्रियेतून फुगणारे क्षार तयार होऊन जोडच तुटतो.

मग भिजवलेली बाहेरची भिंत का भुकटली? पाणी सकाळी मारले होते आणि पुट्टी लागली दुपारी, तोवर मे महिन्याच्या उन्हाने भिंत तापून कोरडी झाली होती. शिवाय घमेल्यातला घट्ट होत चाललेला माल पुन्हा पाणी घालून सैल केला गेला. हे सर्रास चालते, आणि मुकादम ते पाहूनही बोलत नाहीत.

आतल्या भिंतीवरची पुट्टी आम्ही पूर्ण खरवडली, धूळ पुसली, भिंत सुकू दिली आणि पातळ केलेला पाण्याचा प्रायमर तिच्यात मुरू दिला. त्यावर ॲक्रिलिक पुट्टीचे दोन पातळ हात दिले. बाहेरची भिंत गिलाव्यापर्यंत साफ करून थोडी थोडी भिजवली आणि तासाभरात संपेल एवढाच माल कालवला.

कोणती भिंत जिप्समची, हे ताबा देताना बिल्डरने एका ओळीतही लिहून दिले नव्हते. बाथरूमला लागून असलेल्या जिप्समच्या भिंतीत अजून ओल आहे. नळजोडणीची गळती बंद होऊन ती सुकेपर्यंत तिथे प्रायमरही लावणार नाही, असे मी काकांना सांगितले आहे.