एक शर्ट, दोन मापे: शिवणाच्या वहीतील नोंदी

गेले काही महिने मी एकाच शर्टाच्या आराखड्यावर काम करीत आहे. हा शर्ट दोन वेगळ्या ठेवणींच्या अंगांवर सारखाच नीट बसावा, आणि वहीत त्याचे वर्णन करताना ‘मर्दानी’, ‘लेडीज’ किंवा ‘युनिसेक्स’ यांपैकी एकही शब्द वापरावा लागू नये, अशी अट मी घातली होती. ‘युनिसेक्स’ म्हटल्याने शिवणाऱ्याला कात्री कुठे चालवायची हे कळत नाही, आणि ‘ओव्हरसाइझ’ म्हटल्याने कापड कुठे आणि किती जास्त आहे हे कळत नाही. बाजारात बहुतेक वेळा पुरुषांच्या नेहमीच्या शर्टाचाच एक साइझ मोठा करून त्याला असे नाव दिलेले असते, असे माझे मत आहे.

दोन्ही मापे इंचांत देतो. पहिल्या मापात खांदा साडेचौदा, छाती 36, कंबर 29 आणि सीट 40 आहे; दुसऱ्यात खांदा साडेसतरा, छाती 38, कंबर 33 आणि सीट 37. म्हणजे पहिल्यात सर्वांत मोठा घेर खाली आहे आणि दुसऱ्यात वर. कमरेला आत घेतलेला कट पहिल्याची ठेवण उघड करतो, तर खांद्याच्या टोकावर नेमका बसणारा मुंढा दुसऱ्याची. म्हणून पहिला निर्णय असा झाला, की काखेपासून खालच्या कडेपर्यंत बाजूची शिवण सरळ ठेवायची आणि तयार घेर सगळीकडे 46 धरायचा. यात पहिल्या मापाला छातीवर 10 आणि सीटवर 6 इंच लूजिंग मिळते, दुसऱ्याला अनुक्रमे 8 आणि 9. आकडे वेगळे असले तरी कापड दोघांच्याही अंगाला कुठेच टेकत नाही, आणि कंबर कुठे आहे हे बाहेरून ठरवता येत नाही.

खांद्याच्या बाबतीत मात्र जास्त विचार करावा लागला. तयार खांदा 21 इंच ठेवला, त्यामुळे मुंढ्याची शिवण पहिल्या मापावर खांद्याच्या टोकापासून सव्वातीन इंच आणि दुसऱ्यावर पावणेदोन इंच खाली दंडावर उतरते. दोन्हीकडे ती उतरलेली असल्यामुळे खरा खांदा किती रुंद आहे हे शिवणीवरून वाचता येत नाही. शिवण इतकी खाली आली, की बाहीचा माथा उंच ठेवून चालत नाही. अंगाबरोबरच्या शर्टात हा माथा साडेपाच इंचांच्या आसपास असतो; येथे तो अडीच इंच ठेवला. माथा उतरता ठेवल्याने हात सहज वर जातो, पण हात खाली सोडला की काखेत कापड साचते. या घड्या मऊ असून छातीकडे न पसरता काखेतच राहिल्या, तर कट बरोबर आहे असे समजावे. त्या काखेतून छातीकडे ताणलेल्या दिसल्या, तर मुंढा अर्धा इंच खोल करून पाहावा.

बाहीची लांबी खांद्यापासून मोजण्यात येथे अर्थ उरत नाही. ती मानेच्या मागच्या हाडापासून, खांद्यावरून मनगटापर्यंत मोजली: अर्ध्या खांद्याचे साडेदहा आणि बाहीचे साडेवीस मिळून 31. हेच अंतर पहिल्या अंगावर 29 आणि दुसऱ्यावर साडेएकतीस आहे, त्यामुळे एकाला बाही दोन इंच दुमडावी लागते आणि दुसऱ्याचे मनगटाचे हाड जेमतेम उघडे राहते. दोन्ही रूपे मला मान्य आहेत, पण दुमडलेला भाग उलट बाजूने दिसतो, म्हणून बाहीच्या शिवणी आतून स्वच्छ बंद केल्या.

छातीवर डार्ट नाही. छातीला उभार असलेल्या अंगावर बिनडार्टचा सरळ पुढा वर ओढला जातो आणि समोरची कड मागच्यापेक्षा उंच दिसते. पहिल्या मापावर हा फरक पाऊण इंचाचा होता. डार्ट घातला असता तर दुसऱ्या अंगावर त्याच जागी रिकामा फुगा आला असता. उपाय म्हणून खांद्याखाली तीन इंचांवर योक काढला, त्याला जोडणाऱ्या पुढ्याची वरची कड योकपेक्षा अर्धा इंच रुंद कापली आणि तो अर्धा इंच बारीक चुण्यांत सामावला. याशिवाय पुढ्याची लांबी मध्यभागी अर्धा इंच वाढवून कडेकडे शून्यावर आणली. आता समोरची कड दोन्ही अंगांवर जवळजवळ सरळ दिसते. या उपायाला मर्यादा आहे: छातीच्या वरचा घेर आणि पूर्ण छाती यांत चार इंचांहून अधिक फरक असेल, तर चुण्या पुरत नाहीत आणि डार्टची दुमड योकच्या शिवणीत लपवावी लागते.

बटणपट्टी हा कपड्यावरचा सर्वांत हट्टी शिक्का आहे. रूढीप्रमाणे पुरुषांच्या शर्टात डावी बाजू उजवीवर येते आणि स्त्रियांच्या शर्टात उजवी डावीवर, त्यामुळे कोणतीही बाजू निवडली तरी उत्तर दिल्यासारखे होते. मी पट्टीच काढून टाकली. गळ्यापासून सात इंचांचा सरळ चिरा दिला, तो आतून पट्टी लावून बंद केला, आणि वर एकच लूप व बटण ठेवले. दोन्ही कडा समोरासमोर येतात, एकीवर एक चढत नाहीत.

लांबीचा प्रश्न कच्च्या कापडावर सुटला. 26 इंचांवर खालची कड दुसऱ्या अंगाच्या सीटच्या सर्वांत रुंद जागी नेमकी आडवी येत होती, आणि आडवी रेघ जेथे थांबते तेथे नजरही थांबते. 30 इंचांवर ती दोघांच्याही सीटखाली उतरते. बाजूंना आठ इंचांचे चिरे दिल्याने बसताना सहा इंचांचे लूजिंगही पुरते.

कापड बदलले की हाच आराखडा निराळा होतो. मलमलीवर तो अंगाला चिकटला आणि सरळ शिवणीचा सगळा हेतू वाया गेला. जाड ड्रिलवर काखेतल्या घड्या ताठ उभ्या राहिल्या. मध्यम वजनाची, साधारण दीडशे ग्रॅम प्रति चौरस मीटरची हातमागाची खादी मात्र अंगापासून सुटी राहते आणि तरीही खाली नीट पडते. कापण्यापूर्वी ती धुऊन वाळवून घ्यावी, कारण कोरी खादी पहिल्याच धुण्यात आटते आणि बाहीचे अर्ध्या इंचाचे गणित तेथेच कोलमडते.

वरच्या थरासाठी उघडी, बिनबाह्यांची बंडी शिवली. तिचा खांदा साडेसोळा ठेवला, म्हणजे तिची कड पहिल्या खांद्याच्या एक इंच बाहेर आणि दुसऱ्याच्या अर्धा इंच आत बसते. शर्टाच्या उतरत्या शिवणीपासून ती सव्वादोन इंच दूर राहते. हे अंतर इंचभर असते तर दोन समांतर रेघा चुकीने पडल्यासारख्या दिसल्या असत्या. बंडीचा मुंढा शर्टापेक्षा दीड इंच खोल आहे, अन्यथा आतली बाही गोळा होते. लांबी शर्टापेक्षा चार इंच कमी ठेवली. समोरच्या दोन उभ्या कडा कमरेवरून सरळ खाली जातात, त्यामुळे तेथील घेर आणखी अस्पष्ट होतो.

वहीतील वर्णन आता असे आहे: ‘मध्यम वजनाच्या खादीचा, सीटखाली उतरणारा सरळ शर्ट, खांदा दंडावर उतरता, बाहीचा माथा कमी, योकखाली हलक्या चुण्या, गळ्याला बिनपट्टीचा चिरा, बाजूंना चिरे, वर चार इंच आखूड, उघडी बंडी.’ पुढचे काम पायजम्याचे आहे. तेथे सीटची खोली हा खरा अडथळा आहे, कारण दोन मापांतला फरक लूजिंगने झाकला जात नाही. म्हणून आधी आसनाची पुढची आणि मागची लांबी दोघांची स्वतंत्रपणे मोजून घेणार आहे.